पतसंस्थेच्या नावाने आम्ही न मागितलेली प्रमाणपत्रे सार्वजनिक नोंदवहीत दिसत आहेत. त्यांचा अर्थ कसा लावावा?

सीवूड्सकर (धागाकर्ता)

नमस्कार. नेरूळमधील पगारदारांच्या एका सहकारी पतसंस्थेचा मी मानद सचिव आहे आणि संकेतस्थळाची देखभाल गेली तीन वर्षे माझ्याकडेच आहे. सभासद तेथे लॉगिन करून आपली शिल्लक आणि कर्जाचे हप्ते पाहतात. खरे नाव येथे देत नाही, सोयीसाठी patsanstha.example म्हणू.

लेखापरीक्षकांनी या वर्षी विचारले की, संकेतस्थळाची किती प्रमाणपत्रे आज चालू आहेत. मी 'एक' असे उत्तर दिले, कारण आमच्या सर्व्हरवर लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेचे एकच प्रमाणपत्र आहे आणि ते आपोआप नूतनीकृत होते. नंतर खात्री करून घ्यावी म्हणून, अशा प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवह्यांत शोध घेऊ देणाऱ्या crt.sh या संकेतस्थळावर मुदत संपलेल्या नोंदी वगळून शोध घेतला, तर सहा नोंदी निघाल्या. त्यांपैकी दोन गूगल ट्रस्ट सर्व्हिसेसच्या आहेत. त्यांच्याकडे आम्ही कधीही अर्ज केलेला नाही. आणखी दोन karj.patsanstha.example या नावाच्या आहेत, आणि हे नाव आम्ही आता वापरत नाही.

कोणीतरी आमच्या नावाने प्रमाणपत्रे मिळवली आहेत, असे समजावे का? सोमवारी संचालक मंडळाला उत्तर द्यायचे आहे.

घोडबंदरवासी

हे गंभीर आहे. प्रमाणपत्र देणारी संस्था हॅक झाल्याशिवाय असे होत नाही. आपल्याकडे २०१४ साली एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या डोमेनची प्रमाणपत्रे बाहेर पडली होती आणि ती याच सार्वजनिक नोंदवहीमुळे पकडली गेली. तुम्ही ताबडतोब संकेतस्थळ बंद करावे आणि सायबर पोलिसांकडे जावे. शिवाय डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या यादीत, कोणत्या संस्थेने प्रमाणपत्र द्यावे हे सांगणारी CAA ची ओळ टाकली की दुसऱ्या कोणालाही तुमच्या नावाचे प्रमाणपत्र मिळूच शकत नाही.

पारसिक_खिंड

सीवूड्सकर, संकेतस्थळ आत्ताच बंद करू नका. आधी नोंदी नीट वाचू. मी महापे येथे एका डेटा सेंटरमध्ये काम करतो आणि आमच्या ग्राहकांच्या डोमेनवर नजर ठेवणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. अशा दहा घबराटींपैकी बहुतेकांचे कारण साधे असते. पण एखाद्या वेळी ते खरोखर साधे नसते, म्हणून प्रत्येक नोंद वेगळी तपासावी लागते.

पहिली गोष्ट, सहा नोंदी म्हणजे सहा प्रमाणपत्रे नव्हेत. देणारी संस्था अंतिम प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी त्याची एक पूर्वप्रत तयार करून नोंदवह्यांकडे पाठवते. नोंदवही सही केलेली पोच देते, ती पोच अंतिम प्रमाणपत्रात घातली जाते आणि मग ते अंतिम प्रमाणपत्रही अनेकदा नोंदवले जाते. त्यामुळे एकाच प्रमाणपत्राच्या दोन ओळी दिसतात. नोंद उघडून पाहा: एकीवर Precertificate असे लिहिलेले असेल आणि दुसरीवर Leaf certificate. दोन्हींचा अनुक्रमांक एकच असेल. म्हणजे तुमच्यापुढे तीन प्रमाणपत्रे आहेत.

दुसरी गोष्ट, तुमचे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडा, कुलपाच्या जागी जाऊन प्रमाणपत्र कोणी दिले ते वाचा आणि येथे लिहा. त्यावरून गूगलच्या जोडीचा उलगडा होईल, असा माझा अंदाज आहे.

घोडबंदरवासी, एनआयसीचे प्रकरण खरे आहे, पण ते नोंदवहीमुळे पकडले गेले असे म्हणता येणार नाही. जुलै २०१४ मध्ये क्रोमची नोंदणीची सक्तीच नव्हती. अशा प्रकल्पाची पुढे किती गरज आहे, हे सांगण्यासाठी गूगलने त्या घटनेचा दाखला दिला होता. एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राला क्रोम नोंदवह्यांची पोच मागू लागला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलनेही तसेच केले. आज तुम्हाला या नोंदी घरबसल्या दिसतात त्या या सक्तीमुळे. CAA बद्दल नंतर लिहितो, कारण तेथेही एक अडचण आहे.

वर्षा_कोपरी

मी निवृत्त शिक्षिका आहे, तांत्रिक काही कळत नाही, पण प्रमाणपत्राचा विषय निघाला म्हणून विचारते. मागच्या महिन्यात मला वीज देयक थकल्याचा संदेश आला. दुव्यावरच्या पानावर कुलूप होते, म्हणून मी विश्वास ठेवला आणि माझे चार हजार रुपये गेले. त्या बनावट संकेतस्थळाला प्रमाणपत्र मिळाले कसे? ही नोंदवही असताना कोणी ते थांबवले का नाही?

पारसिक_खिंड

वर्षाताई, आपले पैसे गेले याचे वाईट वाटते. १९३० या क्रमांकावर आपण तक्रार नोंदवली असेल, अशी आशा आहे. नसल्यास आजच नोंदवावी.

आपल्या बाबतीत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची चूक बहुधा नव्हती. भामट्याने वीज कंपनीच्या नावासारखे दिसणारे, पण वेगळे डोमेन स्वतःच्या नावावर विकत घेतले असणार. त्या डोमेनचा मालक तोच असल्याने त्याला प्रमाणपत्र मिळाले. कुलूप फक्त एवढेच सांगते की, वर पट्टीत लिहिलेल्या नावाच्या सर्व्हरशीच आपण बोलत आहात. तो सर्व्हर चालवणारा माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे त्यात येत नाही. नोंदवहीही न्यायनिवाडा करत नाही, ती फक्त लिहून ठेवते. आपल्या नावाशी मिळतीजुळती नावे तेथे रोज शोधण्याचे काम कंपन्या करू शकतात आणि काही करतातही, पण ते काम त्यांनी स्वतः अंगावर घ्यावे लागते.

सीवूड्सकर

पारसिक_खिंड, आपला अंदाज बरोबर निघाला. ब्राउझरमध्ये प्रमाणपत्र देणारी संस्था म्हणून गूगल ट्रस्ट सर्व्हिसेसच दिसते. मी सर्व्हरवरचेच प्रमाणपत्र पाहत होतो, ब्राउझरमधले कधी पाहिलेच नव्हते. गेल्या वर्षी लाभांश जाहीर झाला तेव्हा संकेतस्थळ वारंवार बंद पडत होते, म्हणून एका सभासदाच्या मुलाने ते सीडीएनच्या, म्हणजे मधल्या सर्व्हरांवरून पाने पुरवणाऱ्या सेवेच्या, मोफत योजनेवर नेले होते. म्हणजे सभासद सीडीएनशी बोलतात, तेथे गूगलचे प्रमाणपत्र असते, आणि सीडीएन आमच्या सर्व्हरशी बोलतो तेव्हा लेट्स एन्क्रिप्टचे वापरले जाते. ही दोन प्रमाणपत्रे आमचीच आहेत.

आता राहिले karj. हे नाव पाच वर्षांपूर्वी ऑनलाइन कर्ज अर्जाच्या चाचणीसाठी काढले होते. त्यासाठी एका क्लाउड कंपनीत खाते घेतले होते आणि चाचणी संपल्यावर ते बंद केले. प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचेच आहे, तारीख तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारची. लेट्स एन्क्रिप्टचे असल्याने तेही आमच्याच सर्व्हरने आपोआप घेतले असेल, असे धरू का?

पारसिक_खिंड

तसे धरू नका. माझे लक्ष सुरुवातीपासून याच जोडीकडे होते.

तुमचा सर्व्हर ज्या नावांसाठी नूतनीकरण करतो त्यांची यादी आणि त्याने आजवर घेतलेली सर्व प्रमाणपत्रे सर्व्हरवर असतात. /etc/letsencrypt/archive मधील प्रत्येक प्रमाणपत्राचा अनुक्रमांक crt.sh वरच्या अनुक्रमांकाशी ताडून पाहा. नोंदवहीत आहे आणि तुमच्या सर्व्हरवर नाही, असा अनुक्रमांक निघाला तर ते प्रमाणपत्र वापरण्यासाठी लागणारी खासगी किल्ली दुसऱ्या कोणाकडे आहे. तारखांचाही उपयोग होतो. आपोआप होणारे नूतनीकरण साधारण साठ दिवसांच्या ठेक्याने चालते. पाच वर्षे एकही नोंद नसताना अचानक एका रविवारी उगवलेली नोंद त्या ठेक्यात बसत नाही.

नंतर, हे नाव CNAME ओळीने दुसऱ्या कोणत्या पत्त्याकडे वळवले आहे ते दाखवणारी ही आज्ञा चालवून उत्तर काय येते ते कळवा.

```
dig +short CNAME karj.patsanstha.example
```

सीवूड्सकर

अनुक्रमांक आमच्या सर्व्हरवर नाही. आज्ञेचे उत्तर त्या जुन्या क्लाउड कंपनीच्या पत्त्याकडे बोट दाखवते. खाते बंद केले, पण डीएनएसमधील ही ओळ काढायची राहून गेली होती. पान उघडून पाहिले, तर तेथे ऑनलाइन जुगाराची जाहिरात आहे. पाच वर्षे ही ओळ कोणाच्याच लक्षात आली नाही.

पारसिक_खिंड

आता चित्र स्पष्ट झाले. तुम्ही खाते बंद केल्यावर त्या कंपनीकडील ते नाव मोकळे झाले. कोणीतरी तेच नाव स्वतःच्या खात्यात घेतले. तुमचे डीएनएस अजूनही karj ला तिकडेच पाठवत होते. मग त्याने लेट्स एन्क्रिप्टकडे अर्ज केला. 'या नावाच्या सर्व्हरवर अमुक फाइल ठेवून दाखव' एवढीच परीक्षा होती, आणि ती तो सहज उत्तीर्ण झाला. देणाऱ्या संस्थेने नियम पाळले, तरीही तुमच्या नावाचे प्रमाणपत्र परक्याच्या हाती गेले.

जुगाराच्या जाहिरातीपेक्षा मला एका वेगळ्या गोष्टीची काळजी वाटते. तुमच्या लॉगिनची कुकी सगळ्या patsanstha.example साठी ठरवलेली असेल, तर एखादा सभासद karj च्या पानावर गेल्याबरोबर त्याचा ब्राउझर ती कुकी त्या परक्या सर्व्हरला देईल. प्रमाणपत्र असल्याने 'फक्त सुरक्षित जोडणीवर पाठव' ही अटही तेथे आड येणार नाही.

आज करायची कामे क्रमाने सांगतो. आधी ती CNAME ओळ काढा, कारण ती असेपर्यंत तो हवी तितकी नवी प्रमाणपत्रे घेऊ शकतो. मग सर्व सभासदांची लॉगिन सत्रे रद्द करा. त्यानंतर प्रमाणपत्र रद्द करा, आणि येथे नोंदवहीचा आणखी एक उपयोग होतो. किल्ली तुमच्याकडे नाही, पण प्रमाणपत्राची प्रत crt.sh वरून उतरवून घेता येते. karj हे नाव आता तुमच्या ताब्यात आहे, हे तुम्ही डीएनएसच्या मार्गाने लेट्स एन्क्रिप्टला सिद्ध केले की, दुसऱ्याच्या खात्यातून निघालेले प्रमाणपत्रही रद्द करता येते.

```
certbot revoke --cert-path karj-crtsh.pem
```

रद्द केले म्हणून प्रत्येक ब्राउझर ते लगेच नाकारेल असे मात्र नाही. त्याची मुदत नव्वद दिवसांची आहे, त्यातले तीन आठवडे गेले. डीएनएस सुधारल्यावर त्याला ते वापरण्यासाठी वाटेत बसून वाहतूक अडवावी लागेल, त्यामुळे धोका बराच कमी होतो, शून्य होत नाही.

मनीषा_खारघर

मी व्यवसायाने वकील आहे. येथे शब्द जपून वापरावेत, अशी विनंती आहे. 'चुकीने दिलेले प्रमाणपत्र' याचा अर्थ देणाऱ्या संस्थेने नियम मोडून दिलेले, असा होतो. पतसंस्थेच्या प्रकरणात नियम मोडलेला दिसत नाही, दोष पतसंस्थेच्या डीएनएसमध्ये आहे. संचालक मंडळापुढे 'लेट्स एन्क्रिप्टने चुकीचे प्रमाणपत्र दिले' असे लिहून गेलात, तर ते विधान टिकणार नाही.

घोडबंदरवासी

एनआयसीबद्दलची दुरुस्ती मान्य आहे. पण मनीषाताई, ज्याचे डोमेन आहे त्याने मागितले नाही आणि तरीही प्रमाणपत्र निघाले, तर सामान्य माणसाच्या दृष्टीने ते चुकीचेच. नियम पाळून चूक होत असेल तर नियम अपुरा आहे, असे का म्हणू नये?

मनीषा_खारघर

नियम अपुरा आहे असे अवश्य म्हणा, त्यावर वाद घालायला मी तयार आहे. पण डीएनएसमध्ये 'हा सर्व्हर माझा' असे पतसंस्थेनेच लिहून ठेवले होते. संस्थेने त्या लेखी विधानावर विश्वास ठेवू नये, तर कशावर ठेवावा?

पारसिक_खिंड

या दोन मतांचा निकाल मी लावू शकत नाही. मात्र संस्थेनेच नियम मोडल्याची दोन प्रकरणे सांगतो, म्हणजे फरक दिसेल.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी सिमँटेकच्या थॉटे या शाखेने google.com आणि www.google.com यांच्यासाठी एक पूर्वप्रत काढली. मुदत फक्त एक दिवसाची होती. गूगलने ती मागितलेली नव्हती. नोंदवहीत ती दिसली आणि गूगलने जाब विचारला. अंतर्गत चाचणीत हे घडल्याचे सिमँटेकने सांगितले आणि आधी २३ चाचणी प्रमाणपत्रांचा हिशेब दिला. गूगलने त्याच नोंदवह्या चाळून आणखी प्रमाणपत्रे दाखवली. शेवटी सिमँटेकचा आकडा ७६ डोमेनांची १६४ आणि मुळात नोंदवलेच नसलेल्या डोमेनांची २,४५८ प्रमाणपत्रे येथपर्यंत गेला. २३ हा आकडा अपुरा असल्याचे बाहेरच्या माणसाला सिद्ध करता आले, कारण पुरावा संस्थेच्या कपाटात नव्हता, सर्वांसमोर होता.

दुसरे प्रकरण याच्या उलट आहे. क्रोएशियातील फिना या संस्थेने क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीच्या 1.1.1.1 या आयपी पत्त्यासाठी फेब्रुवारी २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळात, परवानगी न घेता, १२ प्रमाणपत्रे काढली. ती नोंदवहीत होती. तरीही गवगवा झाला तो सप्टेंबर २०२५ मध्ये, म्हणजे सुमारे दीड वर्षाने. क्लाउडफ्लेअर स्वतः इतरांना नोंदवहीवर नजर ठेवण्याची सेवा देते, पण त्यांच्या यंत्रणेने आयपी पत्त्याच्या प्रमाणपत्रांवर इशारा दिला नाही, आणि स्वतःच्या असंख्य नावांच्या सूचनांची पुरेशी चाळणीही त्यांनी लावली नव्हती, हे त्यांनी उघडपणे मान्य केले. क्रोम, फायरफॉक्स आणि ॲपल त्या संस्थेवर विश्वास ठेवत नव्हते, मायक्रोसॉफ्ट ठेवत होते. म्हणून विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या विश्वासार्ह संस्थांच्या यादीच्या भरवशावर चालणाऱ्यांपुरता धोका राहिला.

उपवन_तळे

एक शंका. नोंदवही चालवणारी कंपनीही माणसांचीच असते. उद्या तिने देणाऱ्या संस्थेशी संगनमत करून एखादी नोंद गुपचूप खोडली तर? तलाठ्याच्या दप्तरात खाडाखोड होते, तशी येथे होणार नाही कशावरून?

पारसिक_खिंड

चांगला प्रश्न आहे. प्रत्येक नोंदीचा एक छोटा गणिती ठसा काढतात, दोन ठशांचा मिळून तिसरा, अशा दोन-दोनच्या जोड्या लावत वर एकच ठसा उरतो आणि त्यावर नोंदवही सही करते. खालची एक नोंद बदलली की वरचा ठसा बदलतो, आणि जुना सही केलेला ठसा बाहेर अनेकांकडे जपलेला असतो. दप्तराचे पान फाडता येईल, पण त्या पानानंतरच्या सर्व पानांचे ठसे लोकांच्या घरी आधीच पोहोचलेले असतात.

हे किती काटेकोर आहे ते २०२१ साली दिसले. डिजिसर्टच्या येटी २०२२ या नोंदवहीत एका नोंदीतील एकच बिट उलटला. कोणाचा हेतू वाईट नव्हता, यंत्राच्या स्मृतीत असे क्वचित घडते. पण वरच्या ठशाशी हिशेब जुळेना आणि तो पुन्हा जुळवण्याचा मार्ग नव्हता. त्या नोंदवहीने नवीन नोंदी घेणे थांबवले. शिवाय क्रोम किमान दोन वेगवेगळ्या चालकांच्या नोंदवह्यांची पोच मागतो, त्यामुळे एकट्या चालकाला फितवून भागत नाही.

तुर्भे_स्टोअर

मी एका रुग्णालयाचे नेटवर्क सांभाळतो आणि या व्यवस्थेबद्दल माझी तक्रार आहे. आमच्या क्ष-किरण विभागाच्या आतल्या सर्व्हरसाठी मी प्रमाणपत्र घेतले, तर त्याचे पूर्ण नाव जगजाहीर झाले. काही मिनिटांत त्या नावावर परक्या यंत्रांच्या चकरा सुरू झाल्या. चोर पकडण्यासाठी घरातील प्रत्येक खोलीचे नाव दारावर लिहायचे का?

पारसिक_खिंड

तक्रार रास्त आहे. तारांकित प्रमाणपत्र घेतले तर *.रुग्णालय असे एकच नाव दिसते, पण मग एक किल्ली अनेक सर्व्हरवर जाते. केवळ आतल्या यंत्रांसाठी स्वतःची खासगी प्रमाणपत्र यंत्रणा उभारणे मला अधिक बरे वाटते. ती सार्वजनिक नोंदवहीत येत नाही. तो भार लहान रुग्णालयाला पेलेल का, हे तुम्हीच ठरवावे.

तुर्भे_स्टोअर

दोन माणसांच्या विभागाला पेलणार नाही. तरीही सूचनेबद्दल आभार.

घोडबंदरवासी

CAA बद्दल लिहिणार होता. ती ओळ असती तर सीवूड्सकरांचे हे सर्व टळले असते ना?

पारसिक_खिंड

साधी ओळ असती तर टळले नसते. त्या ओळीत 'फक्त लेट्स एन्क्रिप्ट' असे लिहिले असते, आणि आगंतुकानेही लेट्स एन्क्रिप्टकडूनच घेतले. ठरावीक खात्याशी बांधणारी ओळ लिहिता येते:

```
patsanstha.example. CAA 0 issue "letsencrypt.org; accounturi=https://acme-v02.api.letsencrypt.org/acme/acct/1234567"
patsanstha.example. CAA 0 issue "pki.goog"
```

दुसरी ओळ सीडीएनसाठी, मात्र ती खात्याशी बांधलेली नाही. पण दोन गोष्टी जपा. काही सीडीएन स्वतःहून CAA च्या सैल ओळी जोडतात, आणि एक सैल ओळ असली की कडक ओळीचा उपयोग उरत नाही. शिवाय नाव CNAME ने बाहेर वळवलेले असेल आणि तेथील मालकाने स्वतःची CAA ठेवली असेल, तर त्याची ओळ लागू होते, तुमची नाही. म्हणून मूळ उपाय अनाथ ओळी काढणे हाच.

सीवूड्सकर

रविवार रात्रीची स्थिती कळवतो. CNAME काढली. डीएनएसमधील सर्व २३ ओळी एकेक करून तपासल्या, तेव्हा अशीच आणखी एक जुनी ओळ सापडली, तिच्या नावाचे प्रमाणपत्र मात्र नोंदवहीत नाही. प्रमाणपत्र रद्द झाले. पहिल्या प्रयत्नात मी पूर्वप्रतच उतरवली होती, नंतर Leaf ची नोंद उघडून पुन्हा केले. कुकी खरोखरच संपूर्ण डोमेनसाठी होती. ती बदलली आणि सर्व सत्रे तोडली. crt.sh वरच्या शोधाची फीड घेऊन ती माझ्या आणि उपाध्यक्षांच्या ईमेलवर जोडली आहे.

संचालक मंडळाच्या टिपणीत मनीषाताईंच्या सूचनेप्रमाणे 'आमच्या डीएनएसमधील त्रुटीमुळे तिऱ्हाइताने मिळवलेले प्रमाणपत्र' असे लिहिले आहे. एक प्रश्न उरला आहे. त्या तीन आठवड्यांत karj च्या पानावर आमचा कोणी सभासद गेला होता का, हे कसे कळेल? तो सर्व्हर आमचा नव्हता, त्यामुळे त्याच्या नोंदी आमच्याकडे नाहीत.

पारसिक_खिंड

नोंदवहीतून ते कळणार नाही. प्रमाणपत्र केव्हा निघाले एवढेच ती सांगते, ते कोणाला दाखवले गेले ते नाही. तुमच्या मुख्य सर्व्हरच्या नोंदींत मात्र त्या तीन आठवड्यांत एकाच सत्राची कुकी दोन अगदी वेगळ्या आयपी पत्त्यांवरून वापरली गेली का, ते शोधता येईल. मोबाइलवरून कार्यालयात आलेल्या सभासदाचाही पत्ता बदलतो, त्यामुळे खोटे संशयित बरेच निघतील. उद्या संध्याकाळी मोकळा आहे. सीवूड्स स्थानकाजवळ भेटून सोबत पाहू या.

सीवूड्सकर

साडेसहाला येतो. नोंदींच्या फाइल लॅपटॉपवर घेऊन येतो.